कथेच्या कामाच्या नोंदी: चालू राहिलेला नळ

४ जून

कथेतली माणसं ठरली. आजोबा, शाळेत जाणारा नातू आणि सून. आजोबांनी उभं आयुष्य कालव्यावर काढलेलं, कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं हे बघण्यात. टॅबलेट नातवाचा.

खेळही ठरवून टाकला. चौकोनी फरशांची एक चौकट. प्रत्येक फरशीवर पाटाचा एक तुकडा: सरळ, वळण, तिठा किंवा एकच तोंड असलेलं टोक. बोट टेकवलं की फरशी पाव वळसा फिरते. एका टोकाला झरा आहे, बाकीच्या टोकांना रोपं. झऱ्याचं पाणी सगळ्या फरशांतून फिरून सगळ्या रोपांना मिळालं आणि एकही तोंड उघडं राहिलं नाही की डाव पुरा. घड्याळ नाही, गुण नाहीत, हरण्याची सोय नाही. या जातीची कोडी पुष्कळ आहेत, पण हे माझ्या कथेपुरतं बनवलेलं आहे. म्हणून त्याचे नियम मला आधी पक्के हवेत, नाहीतर कथा सोयीप्रमाणे वळवायचा मोह होईल.

एक गोष्ट पहिल्यापासून नक्की: नातू आजोबांना शिकवणार नाही. तसं केलं की आजोबा विद्यार्थी होतात आणि सापडण्यातला आनंद नातवाच्या खात्यावर जातो. घर रिकामं असताना, कुणी न सांगता, त्यांना हा खेळ सापडला पाहिजे. मग प्रश्न उरतो तो असा, की ज्या वस्तूला ते कधी हात लावत नाहीत तिला आज का लावतील?

७ जून

उत्तर मिळालं. आवाजामुळे.

नातू खेळ तसाच टाकून शाळेत पळतो. उघड्या तोंडांतून पाणी सांडतंय आणि खेळ त्याचा आवाज करतोय. आजोबांना वाटतं, घरात कुठला तरी नळ चालू राहिला. ज्याने आयुष्यभर पाण्याचा हिशोब ठेवला त्याला हा आवाज ऐकून स्वस्थ बसवणारच नाही. ते स्वयंपाकघर बघतील, न्हाणीघर बघतील, गच्चीवरच्या टाकीचाही अंदाज घेतील. शेवटी आवाज टेबलावरच्या काचेतून येतोय हे कळेल.

इथे एक शंका होती. टॅबलेटला हात लागला नाही की पडदा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो आणि खेळही झोपतो. मग दुपारपर्यंत आवाज कसा टिकेल? पण अनेक खेळ चालू असताना पडदा विझू देत नाहीत. खेळणारा विचार करत बसला की पडदा काळा होऊ नये, म्हणून खेळ बनवणारे तशी सोय मुद्दाम ठेवतात. टॅबलेट चार्जरला लावलेला असेल तर बॅटरीचीही अडचण नाही. म्हणजे आवाज खरोखर तासन्‌तास चालू शकतो. प्रसंग उभा राहतो.

आणि मला यातून मोठी गोष्ट मिळाली. आजोबा खेळायला बसलेलेच नाहीत. ते पाणी बंद करायला बसले आहेत.

८ जून

पहिल्या प्रसंगाचा खर्डा:

*आजोबांनी दोन्ही नळ पिळून बघितले. कोरडे. तरी आवाज येतच होता, आणि तो पिंपात पडणाऱ्या पाण्याचा नव्हता. मातीत पडणाऱ्या पाण्याचा होता. हा फरक त्यांना झोपेतही कळला असता. ते आवाजाच्या मागे मागे बाहेरच्या खोलीत आले. टेबलावर नातवाची पाटी उजळलेली होती आणि तिच्यात तीन ठिकाणी पाणी वाया जात होतं.*

“पाटी” हा शब्द आजोबांचाच ठेवला आहे. निवेदनातही, जिथे त्यांच्या नजरेतून बघतो आहोत तिथे, टॅबलेट म्हणायचं नाही.

१२ जून

आज सगळा वेळ बोटावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. कथेतली खरी अडचण बोटाचीच आहे.

काचेला दाब कळत नाही. पडद्याखाली बारीक वाहक जाळं असतं आणि त्यात विजेचा हलका भार खेळत असतो. आपलं शरीर वीज वाहणारं, म्हणून बोट जवळ आलं की त्या जागचा भार बदलतो, आणि तेवढ्यावरून स्पर्श ओळखला जातो. आता बोटाच्या टोकाची कातडी जाड आणि कोरडी असेल, घट्टे पडलेले असतील, तर हा बदल क्षीण होतो. काच स्पर्श मानतच नाही. नखाने टोकरलं तरी उपयोग नाही. अशा वेळी माणूस साहजिकच जास्त जोर लावतो. जोर लावल्याने बोटाचा थोडा अधिक भाग काचेला टेकतो एवढंच, पण बोट जास्त वेळ टेकून राहतं आणि तिथून दुसरी अडचण सुरू होते.

पडद्यावर बोट साधारण अर्धा सेकंद एका जागी राहिलं की टॅबलेट त्याला टिचकी न मानता “दाबून धरणं” मानतो. माझ्या खेळात दाबून धरलं की फरशीवर खिळा उमटतो आणि ती जागेवर पक्की होते. जी फरशी बरोबर लागल्याची खात्री आहे ती चुकून फिरू नये यासाठी ही सोय. पुन्हा दाबून धरलं की खिळा निघतो. तरुण बोटाला हा अर्धा सेकंद भरपूर वाटतो. आजोबांचं बोट सावकाश उतरतं, थांबतं, मग उठतं. म्हणजे ते फरशी फिरवायला जातील आणि दर वेळी खिळा ठोकून बसतील.

टॅबलेटच्या सुलभता सेटिंगमध्ये हा वेळ वाढवता येतो. पण ते सेटिंग माहीत असलेलं कुणी घरात नाही, आणि असतं तरी कथेत ते मला नको आहे. आजोबांना स्वतःच काचेची रीत उलगडू दे. कोरड्या बोटाचा उपाय त्यांना हाताच्या सवयीने सुचतो: धान्य मोजताना, वहीची पानं उलटताना बोट ओलं करतात, तसंच ते इथेही करतात. मात्र फार ओलं बोट चालत नाही. काचेवर थेंब राहिला तर त्यालाही भार वाहता येतो, मग पडदा गोंधळतो आणि स्पर्श भलतीकडे लागतो.

*बोट ओलं केलं तशी फरशी गर्रकन फिरली. पण काचेवर थेंब राहिला आणि शेजारची फरशीही आपली आपण फिरली. आजोबांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली. मग बोट नुसतं ओलसर ठेवून, टेकवून लगेच उचललं. फिरली. जरा रेंगाळलं तर खिळा बसत होता. पुन्हा रेंगाळलं तर निघत होता. त्यांनी एकाच फरशीवर खिळा बसवला, काढला, पुन्हा बसवला. कुलूप घालता येतं, काढता येतं. म्हणजे हे दार नीट आहे.*

खिळ्याचं हे ज्ञान पुढे लागणार आहे. म्हणून इथे घाई केली नाही.

१५ जून

टॅबलेट उभा की आडवा? छोटी बाब वाटते, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

नातू तो स्टँडवर उभा ठेवतो. आजोबांच्या चष्म्यात वाचायची काच खालच्या भागात आहे, त्यामुळे उभा पडदा बघायला हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते. शिवाय उभ्या पडद्यावर वरची बाजू म्हणजे उंची असं त्यांना दिसतं आणि खेळातलं पाणी काही ठिकाणी वर चढतं. कालव्याच्या माणसाला हे खपणार नाही. टेबलावर सपाट ठेवला की दोन्ही मिटतं: नजर खाली जाते, आणि चौकट म्हणजे वरून पाहिलेलं शेत होतं. शेतात पाणी कुठल्याही दिशेला नेता येतं, उतार काढला की झालं.

आणखी एक फायदा मिळाला. टॅबलेटला स्वतःची दिशा गुरुत्वाकर्षणावरून कळते. सपाट ठेवून गोल फिरवला तर त्याला ते समजत नाही आणि चित्र उलटंपालटं होत नाही. म्हणजे आजोबा पाटी फिरवून झरा स्वतःपासून लांब आणि शेवटचं रोप हाताशी घेऊ शकतात. टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, शेत जवळ, पाणी सोडायचं मुख्य दार दूर.

१९ जून

आज कागदावर डाव आखला आणि फरशी फरशी तपासली. वाचणाऱ्याने चौकट काढून बघितली तर ती सुटायलाच हवी.

चार बाय चार. डावीकडे वरच्या कोपऱ्यात झरा. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सगळ्यात लांबचं रोप. नातू झऱ्यापासून सुरुवात करतो, आणि सगळे तसंच करतात, कारण पाणी तिथून निघतं. पण झऱ्याचं तोंड उजवीकडे असू शकतं किंवा खाली. नातवाने खाली धरलं, छान वाटलं म्हणून खिळाही ठोकला, आणि तिथून पुढे तो अडकला आहे.

आजोबा टेलकडून येतात. खालच्या ओळीत शेवटच्या रोपाच्या डावीकडे सरळ तुकडा आहे. तो उभा ठेवला तर त्याचं एक तोंड चौकटीबाहेर उघडं पडेल, म्हणून तो आडवाच हवा. आडवा झाला की त्याचं उजवं तोंड रोपाकडे आलं, म्हणजे रोपाचं तोंड डावीकडे. त्या सरळ तुकड्याच्या डावीकडे तिठा आहे. त्याची बंद बाजू काठालाच लागली पाहिजे. डाव्या कोपऱ्यात वळण आहे, आणि कोपऱ्यातलं वळण एकाच रीतीने बसतं: एक तोंड उजवीकडे, एक वर. खालची ओळ एकही अंदाज न बांधता पुरी झाली.

आता डाव्या काठाने वर चला. कोपऱ्याच्या वर सरळ तुकडा आहे. काठावर आहे म्हणून तो उभा. त्याच्या वर पुन्हा वळण. खालून पाणी मागणारं तोंड आलेलं आहे, म्हणून या वळणाचं एक तोंड खाली आणि दुसरं उजवीकडे, आत. म्हणजेच त्याची वरची बाजू बंद. आणि त्या बंद बाजूच्या वरच झरा आहे. झऱ्याचं तोंड खाली असूच शकत नाही, ते उजवीकडेच पाहिजे.

हे जुळलं तेव्हा खूप आनंद झाला. ज्या एका गोष्टीचा नातवाने सुरुवातीलाच अंदाज बांधला, ती टेलकडून आलं की शेवटी आपोआप ठरते. मधल्या फरशांना काठाचा आधार नसतो, तिथले तिठे चार रीतींनी बसू शकतात. म्हणून सुरुवात काठांवरून आणि कोपऱ्यांतून करायची हीच या कोड्यांची खरी वाट. आजोबांना कोड्यांतलं काही कळत नाही. टेलच्या शेताला आधी पाणी पोचलं पाहिजे, नाहीतर वरचे उपसून घेतात आणि खालचे कोरडे राहतात, एवढं मात्र कळतं. दोन वेगवेगळी कारणं एकाच वाटेवर आली आणि त्यासाठी मला काहीही ओढाताण करावी लागली नाही.

२० जून

कालच्या डावातून कथेचा पेच मिळाला.

डाव्या काठावरचं ते वळण आजोबांनी खाली फिरवलं की झऱ्याचा बाकी सगळ्याशी संबंध तुटतो. आधी तीन ठिकाणी सांडणारं पाणी आता एकाच ठिकाणी सांडतंय, झऱ्याच्या तोंडाशी. सगळ्या चाऱ्या जोडून तयार आहेत आणि कोरड्या आहेत. फक्त झरा फिरवायचा बाकी. त्यावर खिळा आहे. खिळा काढता येतो हे आजोबांना माहीत आहे.

ते काढत नाहीत. कुलूप त्यांनी घातलेलं नाही.

*बोट झऱ्यावर नेलं आणि वरच थांबवलं. हे दार कुणीतरी विचार करून पक्कं केलं होतं. चुकीच्या चारीला लावलं होतं, पण पक्कं केलं होतं. ज्याचं कुलूप त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही रीत त्यांनी भर उन्हाळ्यात, आवर्तन संपत आलेलं असताना आणि लोक अंगावर येत असतानाही पाळली होती. ते पाण्याचा आवाज ऐकत खुर्चीत टेकून बसले. पोरगं शाळेतून येईपर्यंत वाट बघायची.*

२३ जून

वाट बघणं सरळ संपू नये म्हणून सुनेला कथेत आणलं. तिने टॅबलेटवर रोजच्या वापराची मर्यादा घातली आहे. मुलांच्या टॅबलेटवर पालक घालतात तीच. ही मर्यादा खेळ पडद्यावर उघडा असल्याचा वेळ मोजते. बोट कुणाचं, हे तिला कळत नाही. सकाळपासून खेळ उघडाच आहे, तेव्हा नातू घरी येण्याच्या आतच दिवसाचा वेळ संपतो आणि पडद्यावर कुलूप येतं. आवाजही थांबतो.

संध्याकाळचा प्रसंग अजिबात लांबवायचा नाही, असं ठरवून लिहिला:

*“आई, माझा वेळ कोणी संपवला?”*

*तिने फोनवर अहवाल उघडला. सकाळपासून दुपारपर्यंत सलग वापर. घरात तेव्हा एकच माणूस होतं. ती दारात आली. “मामंजी, तुम्ही पाटी घेतली होती का?”*

*“नळ चालू राहिला होता,” आजोबा म्हणाले. “बंद करत होतो. एक दार राहिलं, ते याच्या कुलपात आहे.”*

*नातू रडवेला झाला होता तो गप्प झाला. “कुठलं कुलूप?”*

सुनेला रागावू द्यायचं नाही. अहवाल वाचणारी व्यक्ती घरात चोर शोधते, ही सवय मला इथे नको. ती फोनवरून १५ मिनिटं वाढवून देते. तशी सोय असते.

२६ जून

कालव्यावर नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांना खर्डा वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होते. टेलकडून पाणी देण्याचा भाग त्यांना पटला. कुलपाचा तर फारच पटला, “बरोबर आहे, हात लावायचाच नाही” असं मध्येच म्हणाले. पण एका जागी त्यांनी मला थांबवलं.

“पाणी द्यायचं टेलकडून. बंद करायचं मात्र डोक्याकडून. पाणी येत असताना खालची दारं आधी बंद केलीस तर वर फुगवटा येतो, भराव फुटतो. तुझा माणूस पाणी सांडताना बघून थेट खालच्या टोकाला जाईल कसा? तो आधी मुख्य दाराकडेच धावेल.”

पूर्णपणे बरोबर. आणि यामुळे कथा सुधारते. आजोबांनी पहिलं बोट झऱ्यावरच टेकवायला हवं. कोरडं बोट, काच ऐकत नाही. ओलं केलं तरी झरा हलत नाही, कारण त्यावर खिळा आहे, पण खिळा म्हणजे काय हे त्यांना अजून ठाऊक नाही. मुख्य दार बंद होत नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग एकच: वाया जाणारं पाणी जिथे घेता येईल तिथे घ्या, शेतं जोडा. म्हणजे ते टेलकडे वळतात ते बंद करण्यासाठी नव्हे, पाणी वळवण्यासाठी. पुढे एका फरशीवर आपल्याच रेंगाळलेल्या बोटाने खिळा बसला, निघाला, की झरा का हलला नाही ते त्यांच्या लक्षात येतं. बोट पुन्हा झऱ्याकडे जाईल आणि या वेळी समजून उमजून थांबेल.

१२ जूनचा परिच्छेद याप्रमाणे नव्याने लिहिला. फुगवट्याची भीतीही एका वाक्यात घातली: झऱ्याशी पाणी साठून कड फुटते की काय, म्हणून आजोबा थोडा वेळ नुसतं बघत राहतात. खेळात तसं काही होत नाही. पाणी सांडतं, पण काहीच वाहून जात नाही, आणि त्यांना धीर येतो. खेळ सौम्य आहे हे मी कुठेही शब्दांत सांगितलेलं नव्हतं. आता ते त्यांच्या भीतीतून आणि ती न खरी होण्यातून कळतं.

२९ जून

शेवटचा प्रसंग. नातू खिळा काढतो, पण झरा लगेच फिरवत नाही. त्याला आधी कळायला हवं आहे. “उजवीकडेच कशावरून?” आजोबा त्याचं बोट धरून शेवटच्या रोपावर नेतात आणि तिथून काठाकाठाने वर आणतात, १९ जूनच्या नोंदीतल्याच क्रमाने. वाचणाऱ्याला फक्त चार थांबे दाखवले: आडवा तुकडा, कोपरा, उभा तुकडा, वळण. पाचव्याला नातू स्वतःच म्हणतो, “म्हणजे खाली बंद आहे.”

झरा कोण फिरवतं, यावर बराच घोळ घातला. आजोबांनी फिरवला तर नातवाचा डाव त्यांनी सोडवला असं होतं. नातवाने फिरवला तर आजोबा पुन्हा बाजूला बसतात. निर्णय: नातू म्हणतो, “तुम्ही फिरवा, तुमचं बोट लागत नाही म्हणता ना, बघू.” आजोबा बोट ओलं करतात. पहिल्या खेपेला लागत नाही, नातू हसत नाही, काच पुसून देतो. दुसऱ्या खेपेला लागतं.

पाणी सगळ्या रोपांना पोचल्यावर खेळ पुढचा डाव उघडतो, पाच बाय पाचचा. मिनिटं उरलेली आहेत. आजोबांचं शेवटचं वाक्य “टेल कुठंय यात?” एवढंच ठेवलं, आणि कथा तिथे थांबवली.

उरलेली कामं: सुनेच्या तोंडी “पाटी” हा शब्द आलाय, तिने “टॅबलेट” म्हणायला हवं, तो बदलायचा. काकांना नवा पहिला प्रसंग पुन्हा वाचून दाखवायचा, विशेषतः फुगवट्याचं वाक्य. त्यांचा होकार आला की कथा दिवाळी अंकासाठी पाठवायची.